एका जोडणीच्या नोंदी: बीटग्रिडची दुरुस्ती आणि दोन ट्रॅकच्या की

४ जानेवारी २०२५

सुमारे दीड तासाच्या एका डीजे सेटमध्ये मला दोन ट्रॅक एकापाठोपाठ हवे आहेत. त्यांची जोडणी आतापर्यंत प्रत्येक वेळी विस्कटली आहे, म्हणून या एकाच जोडणीचे काम वेगळे काढून त्याच्या नोंदी ठेवायचे ठरवले आहे. पहिल्या ट्रॅकला ‘क’ म्हणतो. तो ड्रम मशीनवर बांधलेला आहे, साडेसहा मिनिटांच्या आतला आहे आणि त्याचे शेवटचे ३२ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे ३२ गट, मिसळण्यासाठी मोकळे ठेवलेले आहेत. दुसऱ्याला ‘ख’ म्हणतो. ते माणसाने वाजवलेल्या ड्रम्सचे जुने ध्वनिमुद्रण आहे आणि वाजवणाऱ्याच्या कानात मेट्रोनोम नव्हता हे ऐकताक्षणी कळते.

सॉफ्टवेअरने विश्लेषण करून ‘क’ला १२१.९८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तितके ठोके, आणि 9A ही की, म्हणजे सुराची पट्टी, तर ‘ख’ला ११८.५७ बीपीएम आणि 8B अशा खुणा दिल्या आहेत. पडद्यावरचे हे चार आकडे पाहिले तर काम सोपे दिसते, कारण लयीत तीन टक्क्यांहून कमी फरक आहे आणि की जवळपासच्या आहेत. प्रत्यक्षात दोन्ही डेकची लय आपोआप जुळवणारे सिंक चालू करून ते एकत्र वाजवले, तेव्हा किक आधी जुळल्यासारखी वाटली, मग हळूहळू दुहेरी होत गेली आणि ‘ख’चा बेस आत आल्यावर सगळे बेसूर झाले. आज दुरुस्तीला हात लावला नाही. जोडणी ध्वनिमुद्रित केली आणि ती कुठे कुठे बिघडते ते बार क्रमांकासह लिहून ठेवले.

५ जानेवारी

‘क’ सोपा आहे म्हणून त्यापासून सुरुवात केली. बीटग्रिड म्हणजे वेव्हफॉर्मवर ठरावीक अंतराने आखलेल्या उभ्या रेषा, आणि स्थिर लयीच्या ट्रॅकमध्ये ती दोनच गोष्टींनी ठरते: पहिली रेष कुठे आहे आणि दोन रेषांमध्ये किती अंतर आहे. चूक या दोहोंपैकी कशात आहे हे ओळखण्यासाठी ट्रॅकच्या सुरुवातीला आणि अगदी शेवटी पाहावे लागते. दोन्ही ठिकाणी चूक सारखीच असेल तर पहिली रेष सरकलेली आहे, आणि चूक पुढे वाढत गेली असेल तर बीपीएम चुकलेला आहे.

वेव्हफॉर्म पूर्ण मोठा करून पहिल्या किकवर पहिली रेष बसवली. त्यानंतर थेट शेवटच्या एकट्या आघातावर गेलो. पहिला ठोका सोडून मोजले तर तो ७६८वा ठोका आहे. तिथे किक रेषेच्या डावीकडे, ६२ मिलिसेकंद आधी पडलेली दिसली. याचा अर्थ रेषांमधले अंतर खऱ्या ठोक्यापेक्षा किंचित जास्त आहे, म्हणजेच लावलेला बीपीएम खऱ्यापेक्षा कमी आहे. पहिल्या किकपासून शेवटच्या आघातापर्यंतचा काळ ३७७.७०५ सेकंद आला आणि हिशेब एका ओळीत संपला:

```
BPM = 60 × N / T
    = 60 × 768 / 377.705 = 122.00
```

दशांशातला फरक केवळ ०.०२ आहे आणि एका ठोक्यामागे तो ०.०८ मिलिसेकंद इतकाच पडतो, म्हणून सुरुवातीला तो डोळ्याला दिसत नाही आणि कानालाही कळत नाही. पण मिसळण्याचे काम ट्रॅकच्या शेवटी होते, आणि शेवटचे ३२ बार सुरू होतात तिथपर्यंत ही तूट ५२ मिलिसेकंदांवर गेलेली असते. दोन किकमध्ये वीस-तीस मिलिसेकंदांचे अंतर पडले की त्या एक न वाटता ‘ढप’ऐवजी ‘ढ-ढप’ अशा ऐकू येतात. सुरुवातीचे आठ बार पाहून ग्रिड बरोबर असल्याचा निर्वाळा देण्याची माझी जुनी सवय इथेच नडली.

ड्रम मशीनवर केलेल्या संगीताचा बीपीएम बहुधा पूर्णांक असतो, किंवा फार तर अर्ध्यावर असतो, त्यामुळे १२१.९८ हा आकडा पाहूनच शंका यायला हवी होती. तरी न मोजता थेट १२२ लिहून मोकळे होणे मला पटत नाही, कारण तोच ट्रॅक कुठेतरी किंचित वेगाने हस्तांतरित झालेला असेल तर अपूर्णांकच खरा ठरतो.

६ जानेवारी

आज ‘क’ची एमपीथ्री प्रत काढून तिच्या जागी त्याच ट्रॅकची वेव्ह प्रत ठेवली आणि काल बसवलेली ग्रिड तिला लावली. रेषा पुन्हा चुकल्या. मात्र या वेळी पहिल्या किकपासून शेवटच्या आघातापर्यंत चूक एकसारखी होती: प्रत्येक किक रेषेच्या सुमारे २५ मिलिसेकंद आधी पडत होती. कालच्या नियमाप्रमाणे बीपीएम निर्दोष आहे आणि पूर्ण ग्रिड एकजात सरकलेली आहे.

याचे कारण एमपीथ्रीच्या घडणीत आहे. लेम एन्कोडर ध्वनीच्या आधी ५७६ नमुन्यांची शांतता घालतो आणि डीकोडर आपल्या परीने आणखी ५२९ नमुन्यांचा उशीर लावतो. दोन्ही मिळून ११०५ नमुने होतात आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने त्यांचा काळ २५ मिलिसेकंद भरतो. काही प्रोग्रॅम ही शांतता फाइलमधल्या नोंदीवरून ओळखून कापतात, काही कापत नाहीत. त्यामुळे एका प्रोग्रॅममधली ग्रिड आणि क्यू पॉइंट दुसऱ्यात नेल्यावर, किंवा मी केले तशी फाइलची जात बदलल्यावर, ठोक्याच्या विसाव्या भागाइतका हा फरक उघडा पडतो. पूर्ण ग्रिड एकदम डावीकडे सरकवण्याच्या बटणाने पाच मिनिटांत काम झाले. यापुढे फाइल आधी पक्की करायची आणि ग्रिड नंतर, एवढी नोंद पुरे.

याच वेळी आणखी एक बाब स्वतःपुरती ठरवून टाकली. किकचा आघात सुरू होतो तो क्षण आणि तिची लाट सर्वांत उंच जाते तो क्षण यांत काही मिलिसेकंदांचे अंतर असते, आणि किक जितकी जड तितके ते जास्त असते. रेष आघाताच्या सुरुवातीला बसवावी की शिखरावर, यावर वाद होऊ शकतो, पण एका ट्रॅकमध्ये सुरुवात आणि दुसऱ्यात शिखर असे झाले की दोन्ही ग्रिड आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकींशी जुळत नाहीत. मी सगळीकडे सुरुवातच धरतो.

८ जानेवारी

‘ख’ला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्या लागणारच होत्या.

पहिली अडचण समेची निघाली. सॉफ्टवेअरने बारचा पहिला ठोका म्हणून जिथे लाल खूण केली होती, तो प्रत्यक्षात चौथा ठोका आहे. ट्रॅक पहिल्या बारवर सुरू होत नाही. समेआधी एका ठोक्याचा ड्रम्सचा उठाव आहे, गाण्यात मुखडा उचलून समेवर येतात तसा, आणि यंत्राने त्या उठावालाच सम मानले. ठोके बरोबर आणि सम चुकलेली, अशा अवस्थेत सिंक निर्धास्तपणे ठोक्यावर ठोका बसवते आणि किकही जुळते, पण दोन्ही ट्रॅकचा प्रत्येक बार एका ठोक्याने मागेपुढे राहतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे टाळी किंवा स्नेअर. दोन्ही ट्रॅकमध्ये ती दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर असताना एकत्र वाजवल्यावर चारही ठोक्यांवर ऐकू येऊ लागली, तर सम सरकलेली आहे. लाल खूण एक ठोका पुढे नेली.

दुसरी अडचण खरी आहे. ‘ख’ची लय स्थिर नाही, आणि ११८.५७ हा आकडा चुकीचा नसूनही निरुपयोगी आहे. पहिले ३२ बार आठ-आठ बारांच्या चार तुकड्यांत मोजले. प्रत्येक तुकड्यात ३२ ठोके आहेत आणि त्यांना लागलेला काळ अनुक्रमे १६.२९, १६.२०, १६.११ आणि १६.१७ सेकंद आला. बीपीएममध्ये सांगायचे तर वाजवणारा ११७.८६ ने सुरुवात करतो, ११८.५२ वर येतो, रंगात आला की ११९.१८ पर्यंत चढतो आणि मग ११८.७४ वर सावरतो. चारही तुकड्यांची सरासरी बरोबर ११८.५७ येते.

या सरासरीची एकच ग्रिड आखली, तर पहिली रेष पहिल्या किकवर आणि शेवटची रेष ३२ बारांनंतरच्या किकवर अचूक बसते. पाचव्या तारखेच्या पद्धतीने, म्हणजे फक्त दोन टोके पाहून, तपासणी केली असती तर मी ही ग्रिड उत्तीर्ण केली असती. मधली स्थिती मात्र अशी आहे: पहिल्या तुकड्याच्या अखेरीस किक रेषेनंतर ९८ मिलिसेकंदांनी येते, दुसऱ्याच्या अखेरीस १०५ मिलिसेकंदांनी, आणि तिसऱ्याच्या अखेरीस हे अंतर २३ वर उतरते. चौथ्या तारखेला किक दुहेरी होत गेलेली ऐकली ती हीच. शंभर मिलिसेकंद म्हणजे या लयीत ठोक्याचा पाचवा हिस्सा. ते दुहेरी किकच्याही पलीकडचे आहे, तिथे सरळ दोन वेगळे ड्रमर वाजत असल्यासारखे वाटते.

९ जानेवारी

‘ख’च्या ग्रिडला एकाहून अधिक खुंट्या मारल्या. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लयीची मांडणी स्थिर किंवा बदलती अशी निवडता येते. बदलती निवडली की एखाद्या ठोक्यापाशी थांबून, इथून पुढे नवी लय, असे सांगता येते. मी दर चार बारांच्या समेवर एक खुंटी ठेवली. पद्धत अशी: खुंटीच्या जागेच्या आसपास चार ठोक्यांचा लूप घ्यायचा, मेट्रोनोम चालू करायचा, रेष किकच्या सुरुवातीवर आणायची, लूप सोडून पुढच्या चार बारांपर्यंत ऐकायचे, आणि तिथे टकटक किकपासून सुटली तर त्या समेवर नवी खुंटी मारायची. मागच्या खुंट्या पुन्हा हलवायच्या नाहीत, नाहीतर मागचे सगळे काम उसवते. हे करून झाल्यावर पहिल्या ३२ बारांत सर्वांत मोठी उरलेली चूक १२ मिलिसेकंद राहिली.

दर ठोक्यावर खुंटी मारून ती शून्यावर आणण्याचा मोह मी टाळला. या वाजवणाऱ्याची स्नेअर ठोक्याच्या किंचित मागे, आळसावलेली पडते, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा डौल त्यातच आहे. प्रत्येक ठोक्याला रेष बांधली तर सिंक त्या प्रत्येक विलंबाची दुरुस्ती करू पाहील आणि डेकचा वेग ठोक्याठोक्याला हलेल. म्हणून खुंटी फक्त समेच्या किकवर मारली आणि समांच्या मधले ड्रमरवर सोडले.

३३व्या बारापासून पुढे सरासरीचीच ग्रिड राहू दिली. तिथे ‘क’ संपलेला असेल आणि ‘ख’ला कोणाशीच जुळवून घ्यायचे नसेल.

बदलत्या ग्रिडचा एक परिणाम आधी माझ्या ध्यानात आला नव्हता. सिंकमध्ये एक डेक पुढारी असतो आणि दुसरा त्याच्या मागे जातो. ‘ख’ पुढारी असेल तर त्याच्या ड्रमरची चढउतार ‘क’च्या ड्रम मशीनवर लादली जाते आणि मशीन डगमगू लागते, जे कानाला फार विचित्र वाटते. त्यामुळे या जोडणीत ‘क’ने १२२ वर पुढारी राहायचे आणि ‘ख’ने मागे जायचे. असे केल्यावर ‘ख’चा वेग पहिल्या तुकड्यात मूळ वेगापेक्षा ३.५ टक्के जास्त, दुसऱ्यात २.९ टक्के जास्त आणि तिसऱ्यात २.४ टक्के जास्त असा आपोआप बदलत जातो. लयीपुरते हे छान आहे. कीलॉक, म्हणजे वेग बदलला तरी सूर न हलू देणारी सोय, बंद असेल तर याच बदलामुळे ‘ख’चा सूर मिसळण्याच्या काळात सुमारे १९ सेंटने खाली घसरतो. एका स्वरापासून शेजारच्या अर्धस्वरापर्यंत १०० सेंट मोजतात, म्हणजे ही घसरण अर्धस्वराच्या पाचव्या भागाएवढी आहे. म्हणून कीलॉक चालू ठेवणे इथे ऐच्छिक राहिले नाही.

१२ जानेवारी

लय सुटली, आता सूर. पडद्यावर दिसणारे 8A, 9A हे चक्राचे आकडे आहेत. बारा घरांच्या वर्तुळात शेजारची घरे एकमेकांपासून पंचमाच्या अंतरावर असतात, A म्हणजे मायनर आणि B म्हणजे मेजर. शेजारच्या घरांतल्या सप्तकांत सातपैकी सहा स्वर सारखे असतात, म्हणून ती एकमेकांत सहज मिसळतात, हा त्यामागचा हिशेब आहे. पेटी वाजवणाऱ्याच्या भाषेत 9A म्हणजे षड्ज पांढरी तीन, अर्थात ई मायनर, आणि 8A म्हणजे षड्ज पांढरी सहा, ए मायनर.

सॉफ्टवेअरने ‘ख’ला 8B दिले आहे, म्हणजे सी मेजर. या आकड्यावरून चालायचे तर 8B वरून 9A हे तिरके पाऊल ठरते आणि नियमवाला माणूस ते टाळेल. मी बेस विसावतो ती जागा शोधली. आठ बारांचे वाक्य संपताना तो दर वेळी ए या स्वरावर उतरतो. कीबोर्डवर आधी सी आणि मग ए दाबून धरून ट्रॅक ऐकला, तेव्हा सी खाली धरला असता गाणे अर्धवट लटकलेले वाटत होते आणि ए धरला असता घरी आल्यासारखे. ‘ख’ ए मायनर आहे. सी मेजर आणि ए मायनर यांचे सातही स्वर एकच असल्यामुळे विश्लेषणाची ही गफलत नेहमीची आहे, आणि मिसळताना तिने सहसा नुकसान होत नाही, कारण कानावर आदळतात ते स्वर. मी नोंद 8A अशी बदलली.

यानंतरही दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले तर बेसूर लागत होते. शेजारची घरे, सहा स्वर समान, आणि तरी कानाला टोचणारे काहीतरी. त्याचे कारण आज सापडले नाही.

१४ जानेवारी

‘ख’मध्ये तंतुवाद्यांचा एक लांब धरलेला ए आहे. त्याचा लूप करून, मूळ वेगात काहीही बदल न करता, ट्यूनरवर पाहिले. ४४० हर्ट्झ अपेक्षित असताना ट्यूनर ४४९ दाखवत होता, म्हणजे पूर्ण ध्वनिमुद्रण सुमारे ३५ सेंट चढे आहे. जुन्या टेपवरच्या ध्वनिमुद्रणात असे सर्रास आढळते, कारण यंत्र दोन टक्के वेगाने फिरले तरी सूर तेवढ्याने चढतो. की ओळखणारा भाग मात्र चोवीस खुणांपैकी सर्वांत जवळची खूण देऊन थांबतो. ३५ सेंटचा चढेपणा तो पदरात घालून घेतो आणि पडद्यावर निर्मळ 8A दिसत राहते.

३५ सेंट कानाला किती टोचतात याचाही हिशेब करून पाहिला. ‘ख’चा बेस ए वर असताना त्याची मूळ कंपने ११० ऐवजी ११२.२ होतात. त्याचा तिसरा स्वयंभू स्वर ई चा असतो आणि तो ३३६.७ वर जातो. ‘क’चा पॅड, म्हणजे मागे लांब धरलेला सिंथचा आवाज, त्याच वेळी ३२९.६ चा ई धरून बसलेला असतो. दोहोंतला फरक सेकंदाला सुमारे ७ आंदोलनांचा आहे आणि तीच थरथर मला ऐकू येत होती. इक्वलायझरने बेसची खालची बाजू कापली तरी ती जात नव्हती, कारण ती खालच्या बाजूला नाहीच, मधल्या पट्ट्यात आहे.

उपाय म्हणून ‘ख’च्या डेकची पिच ३५ सेंट खाली आणली. लय सिंकच्या हाती, सूर पिचच्या हाती आणि दोहोंना वेगळे ठेवणारे कीलॉक चालू. थरथर थांबली. पडद्यावर यापैकी काहीही बदललेले दिसत नाही, 8A तसेच आहे.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये पिच फक्त पूर्ण अर्धस्वरांनी हलते तिथे काय करता येईल, हे कुतूहलापोटी तपासले. कीलॉक काढून ‘ख’ला १२२ वर नेले तर वेगामुळे आणखी ४९ सेंट चढतात. आधीचे ३५ धरून एकूण ८४ होतात, म्हणजे ना ए मायनर, ना बी फ्लॅट मायनर. पूर्ण बी फ्लॅट मायनर गाठायला १२३.१ बीपीएम लागेल, आणि ते ई मायनरपासून चक्राच्या नेमके समोरच्या टोकाला आहे. मग ‘क’ला एक अर्धस्वर चढवून एफ मायनर करावे लागेल, ज्याचे 4A हे घर बी फ्लॅट मायनरच्या 3A ला लागून आहे. कागदावर हे चालते, आणि ‘ख’च्या ग्रिडमुळे सूर घसरतो ती अडचण मात्र शिल्लक राहते. शिवाय ‘क’चा आवाजच बदलतो. मी तो विचार तिथेच सोडला.

१६ जानेवारी

आता दोघांमध्ये फक्त एका स्वराचा फरक उरला आहे. ई मायनरमध्ये एफ शार्प आहे, ए मायनरमध्ये एफ. हे दोन एकाच वेळी वाजले तर अर्धस्वराची टक्कर होते, त्यामुळे ते कुठे वाजतात हे बारवार पाहणे भाग होते.

‘क’च्या शेवटच्या ३२ बारांपैकी पहिल्या २४ बारांत पॅड आहे. तो ई मायनर आणि बी मायनर यांच्यात फिरतो, आणि बी मायनरमध्ये एफ शार्प येतो. शेवटच्या आठ बारांत पॅड थांबतो, केवळ ड्रम्स आणि ई वर ठाण मांडलेला बेस राहतो. ‘ख’मध्ये पहिले आठ बार निव्वळ ड्रम्स आहेत, नवव्या बारापासून ए चा बेस येतो, सतराव्यापासून तंतुवाद्ये ए मायनर धरतात आणि एकविसाव्या बारावर ती एफ मेजरवर जातात.

मी आजवर ‘ख’ला ‘क’च्या शेवटच्या भागाच्या पहिल्याच बारावर सुरू करत होतो, कारण ३२ बारांचा पूर्ण पट्टा वापरावासा वाटे. तसे केले की ‘ख’चा एफ मेजर एकविसाव्या बारावर ‘क’च्या पॅडवर येऊन आदळतो. चार बार उशिरा सुरू केले तर एफ मेजर पंचविसाव्या बारावर येतो आणि पॅड नुकताच गेलेला असतो, त्यामुळे टक्कर टळते. तरीही ऐकताना काहीतरी खटकत होते. दोन्ही ट्रॅकची वाक्ये आठ बारांची आहेत, आणि चार बारांच्या फरकाने एकाचे वाक्य दुसऱ्याच्या मध्यावर सुरू होते. लय आणि सूर दोन्ही बरोबर असूनही जोडणी अडखळल्यासारखी वाटते.

आठ बार उशिरा सुरू केल्यावर सगळे आपापल्या जागी पडले. ‘क’च्या नवव्या बारावर ‘ख’चे ड्रम्स येतात, सतराव्यावर ‘ख’चा बेस, आणि पंचविसाव्या बारावर पॅड थांबतो त्याच समेला तंतुवाद्ये सुरू होतात. दोघांचा सहवास २४ बारांचा म्हणजे १२२ च्या लयीत ४७ सेकंदांचा होतो. एफ मेजर येतो तो एकोणतिसाव्या बारावर, तेव्हा ‘क’चे ड्रम्स आणि बेस एवढेच काय ते राहिलेले असतात.

१८ जानेवारी

बेसची अदलाबदल ठरवली. ‘क’च्या सतराव्या बारापासून ई आणि ए असे दोन बेस एकत्र असतात. स्वर म्हणून ते एकमेकांचे वैरी नाहीत, पण इतक्या खाली दोन स्वर एकत्र आले की नुसता गडगडाट होतो. म्हणून ‘ख’ची खालची बाजू इक्वलायझरने सुरुवातीपासून कापलेली ठेवतो, आणि पंचविसाव्या बाराच्या समेवर ती उघडून त्याच क्षणी ‘क’ची बंद करतो. ही अदलाबदल समेच्या आधी अर्धा ठोका झाली तरी चालते, नंतर झाली तर किक दोनदा जड पडते.

सिंक सोडण्याची वेळही लिहून ठेवावी लागली. सिंक बंद करताक्षणी डेकचा वेग त्या घडीला असेल तिथे गोठतो. तो ‘ख’च्या पहिल्या तुकड्यात बंद केला तर पुढचा पूर्ण ट्रॅक ३.५ टक्के वेगाने धावेल. ‘ख’च्या चोविसाव्या बाराच्या अखेरीला, ‘क’ गेल्यावर, बंद केला तर २.४ टक्के जास्त, आणि तिथून पुढे ड्रमरची चढउतार जशी आहे तशी ऐकू येते. पिच ३५ सेंट खाली तशीच राहू देतो, कारण चालू गाण्यात ती परत वर नेली तर कान लगेच पकडतो.

२० जानेवारी

जोडणी सलग सहा वेळा ध्वनिमुद्रित करून चौथ्या तारखेच्या नोंदीशी ताडून पाहिली. सहाही वेळा किक एकच ऐकू आली. एकदा हेडफोनशिवाय, लहान स्पीकरवर, दोन डेक मोनो करून ऐकले, कारण किकमधले दहा-बारा मिलिसेकंदांचे अंतर तिथे पोकळ आवाजाच्या रूपाने उघडे पडते. ‘ख’च्या अकराव्या बारावर तसा किंचित पोकळपणा आढळला. तिथे एक खुंटी वाढवून रेष ८ मिलिसेकंद उजवीकडे घेतली आणि तो गेला.

कीलॉकची किंमत मात्र राहिली आहे. पहिल्या तुकड्यात, जिथे ताण ३.५ टक्क्यांचा आहे, ‘ख’च्या झांजांची धार थोडी बोथट होते. ‘क’ची झांज तोपर्यंत वर वाजत असल्याने ती झाकली जाते, म्हणून ‘ख’ची वरची बाजू पहिले आठ बार थोडी खालीच ठेवतो.

दोन्ही ट्रॅकची ग्रिड कुलूपबंद केली, जेणेकरून पुन्हा विश्लेषण चालवले तर ती पुसली जाणार नाही. ‘ख’च्या टिपणात असे लिहिले: ‘खरी की ए मायनर, ३५ सेंट चढी. ग्रिड ३२ बारांपर्यंतच विश्वासार्ह. ‘क’च्या नवव्या बारावर सुरू, पंचविसाव्यावर बेस बदल, तेहेतिसाव्यावर सिंक बंद.’